शेवटची स्लाइड चुकली होती, उतारा नाही

वाचकाची प्रतिक्रिया:

«ताई, तुमच्या नव्या कादंबरीची आठ चित्रांची पोस्ट मुलीने दाखवली. उतारा ऐन रंगात आला आणि तुम्ही तो अर्धवट तोडलात. वाचकाचं मत म्हणून जे छापलंय ते कुणा ओळखीच्याचंच असणार. अक्षरं वाचायला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. आणि शेवटी तो चौकोनी कोड! माझ्या फोनमध्ये दिसणारा कोड मी माझ्याच फोनने कसा स्कॅन करू? पुस्तक घ्यायचं होतं, पण सोडून दिलं. साहित्याची अशी जाहिरात करण्यापेक्षा दोन ओळींचं साधं निवेदन बरं. — एक जुना वाचक, नाशिकरोड»

काका, नमस्कार.

कोडपासूनच सुरुवात करते, कारण तिथे चूक पूर्णपणे माझी आहे आणि तिची किंमत मला चांगलीच मोजावी लागली.

क्यूआर कोड छापील पत्रकावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर चालतो, कारण तो कागद एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात असतो. इन्स्टाग्रामची पोस्ट वाचक फोनवरच पाहतो. मग त्याला त्या स्लाइडचा स्क्रीनशॉट काढायचा, यूपीआयचं ॲप उघडायचं, तिथे गॅलरीतून चित्र उचलायचं, एवढा खटाटोप करावा लागतो. ज्यांनी तो केला त्यांचं काय झालं तेही सांगते. पहिल्या आठवड्यात माझ्या खात्यावर ६१ जणांचे पैसे आले. त्यातल्या १४ जणांचा पत्ताच माझ्याकडे नव्हता. यूपीआयमध्ये नाव दिसतं, रक्कम दिसते, बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसतो. पुस्तक कुठे पाठवायचं ते त्यात कुठेच येत नाही. पाटील आडनावाचे तिघे होते आणि तिघांनीही २८० रुपयेच पाठवले होते. कोणता पाटील कुठला, हे शोधण्यात माझे चार दिवस गेले.

तुमच्या आठवणीतली प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत आठवून पाहा. मासिकात चौकट यायची, वाचक मनीऑर्डर करायचा. त्या फॉर्मवर पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा आणि खाली निरोपाला जागा असायची. पैसे आणि पत्ता एकाच कागदावर बसून यायचे. यूपीआयने पैसे क्षणात पोचवले, पण पत्ता मागेच राहिला. हे मला आधी सुचायला हवं होतं. आता क्रम उलटा केला आहे: आधी नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाईल भरायचा फॉर्म, त्याच फॉर्मच्या शेवटी यूपीआय आयडी, आणि पैसे पाठवल्यावर तो बारा आकडी क्रमांक लिहायची जागा. क्रमांक पूर्ण मागते. शेवटचे चार आकडे मागितले तर पुन्हा तिघा पाटलांची गत होण्याची भीती.

दुसरी चूक टपालखर्चाची. स्लाइडवर मी फक्त ‘₹२८०’ लिहिलं होतं. कादंबरी २६४ पानांची आहे, वेष्टनासकट वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जातं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे पोचपावतीसह खात्रीने पाठवायचं तर स्पीड पोस्टच करावं लागतं. महाराष्ट्रात कुठेही पाठवायचे सरासरी ₹८० धरले. ही रक्कम स्लाइडवर नसल्यामुळे लोकांनी २८० पाठवले आणि वरचे ऐंशी मागायला मला प्रत्येकाला वेगळा निरोप टाकावा लागला. ते मागताना फार संकोच वाटला. काहींनी नाराजी कळवली आणि ती रास्त होती.

शेवटची स्लाइड फसली आहे हे ओळखायची एक साधी खूण मला यातून कळली. पोस्टवर पसंतीचे बदाम भरपूर, आणि निरोपांच्या पेटीत ‘किंमत किती’, ‘कुठे मिळेल’, ‘टपालखर्च धरून का’ असे प्रश्न येत राहिले, तर त्या स्लाइडने आपलं काम केलेलं नाही. त्यात अजून एक गोम आहे. लोक अख्खी पोस्ट पाठवत नाहीत. एक स्लाइड आवडली की तिचाच स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. तुमच्या मुलीनेही कदाचित तेच केलं असेल. म्हणून शेवटची स्लाइड एकटी पडली तरी तिच्यावर पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव, किंमत, टपाल, मुदत आणि करायची गोष्ट हे सगळं हवं. चित्रावर किंवा पोस्टखालच्या मजकुरात लिहिलेली लिंक इन्स्टाग्रामवर उघडत नाही, ती प्रोफाइलवरच द्यावी लागते. ‘लिंक बायोमध्ये’ असं दोन शब्दांत लिहून मी मोकळी झाले होते. ते तरुणांना कळतं. ‘वर माझ्या नावावर बोट ठेवा, तिथे निळ्या अक्षरांत फॉर्म दिसेल’ असं लिहिलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं.

अक्षरांचं तुमचं म्हणणंही बरोबर आहे, आणि त्यामागे साधं गणित आहे. स्लाइड १०८० पिक्सेल रुंद असते. फोनचा पडदा जेमतेम सात सेंटिमीटर. मी उताऱ्याला ३४ पिक्सेलचं अक्षर घेतलं होतं, म्हणजे हातातल्या फोनवर ते सव्वादोन मिलिमीटरच्याही आत येतं, आणि त्यात वरची वेलांटी, रफार, खालचा उकार सगळं आलं. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मांडणी करताना ते ऐसपैस दिसत होतं, तिथेच फसगत झाली. आता अक्षर ५० पिक्सेलचं केलं आहे आणि दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या सव्वापटीवरून दीडपटीहून थोडं जास्त नेलं आहे, नाहीतर वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ओळीतल्या रफाराला भिडतो. एवढं केल्यावर एका स्लाइडवर चाळीस-पंचेचाळीस शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत. संपूर्ण उतारा पोस्टखालच्या मजकुरातही टाकला आहे, म्हणजे ज्यांच्या फोनवर अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं त्यांना तिथे वाचता येईल. त्या मजकुराला २२०० अक्षरांची मर्यादा असते, त्यात उतारा आणि नोंदणीची माहिती दोन्ही बसतात. सुरुवातीच्या एक-दोन ओळीच आधी दिसतात, म्हणून किंमत आणि मुदत तिथे वर घेतली.

पण उताऱ्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. तो इथे पुन्हा देते:

«दुतोंड्याच्या छातीला पाणी लागलं, तशी आईने दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. “खालची फळी मोकळी कर. तांब्याचं आधी उचल.” पितळेचं काय, असं मी विचारलं नाही. पितळ काकांचं होतं.»

हस्तलिखितात याच्यापुढे तीन वाक्यं आहेत. आजोबा गेल्यावर दुकानाची वाटणी कशी झाली, तांबं आईकडे आणि पितळ काकांकडे कसं गेलं, आणि दोघांची भांडी एकाच फळीवर का राहिली, ते त्यांत सांगितलं आहे. पुस्तकात ती वाक्यं हवीतच, कारण पुढची शंभर पानं त्या वाटणीवर उभी आहेत. स्लाइडवर मात्र ती मारक ठरतात. ‘पितळ काकांचं होतं’ इथे थांबलं की वाचकाला घरातलं भांडण स्वतःलाच दिसतं. पुढची तीन वाक्यं वाचली की ते त्याला सांगितलं जातं, आणि मग पुस्तक उघडायचं कारणच उरत नाही. मी आधी पहिल्या प्रकरणाची सुरुवात लावून पाहिली होती. गोदाघाटाची पहाट, काठावरचे दिवे, चहाची गाडी. वर्णन चांगलं आहे असं मला आजही वाटतं, पण त्यात कोणी काही मागत नाही, कोणी काही लपवत नाही. म्हणून तिसऱ्या प्रकरणातला हा तुकडा घेतला.

तोडताना मी एक नियम पाळला. उतारा फक्त शेवटी थांबवला, मधला एकही शब्द गाळला नाही की बदलला नाही. पुस्तकात वाचक त्या पानावर येईल तेव्हा त्याला हीच वाक्यं, याच क्रमाने भेटतील. दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या भागाला पाणी लागलं यावरून गोदेचा पूर मोजायचा, हे तुम्हा-आम्हा नाशिककरांना सांगावं लागत नाही. नागपूरच्या वाचकाला लागतं. ते मी स्लाइडवर न घेता खालच्या मजकुरात एका ओळीत दिलं.

उतारा दुसऱ्या स्लाइडवर का, तेही सांगते. पहिली स्लाइड पाहून कोणी पुढे सरकवलं नाही, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट काही वेळा दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा दाखवतं. त्या वाचकासाठी उतारा हाच दरवाजा असतो. म्हणून त्या स्लाइडच्या तळाशी पुस्तकाचं नाव बारीक अक्षरांत ठेवलं आहे.

आता वाचकाचं मत. हो, त्या माझ्या ओळखीच्या आहेत. पुस्तक छापून यायच्या आधी ते वाचणारा माणूस ओळखीचाच असणार, कारण हस्तलिखित मीच त्याच्या हातात देते. पण हे स्लाइडवर लिहायला हवं होतं. ‘एक वाचक’ एवढंच लिहिल्यामुळे पुस्तक बाजारात आलंय आणि कुणी परक्याने विकत घेऊन वाचलंय असा समज होतो. आणि तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला स्वतःहून सांगायची आहे. त्यांनी मला पाठवलेला निरोप असा होता: «सुरुवातीची साठ पानं रेंगाळतात. पुराची रात्र लागली आणि मग कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.» मी फक्त दुसरं वाक्य छापलं. त्यांची परवानगी घेतली होती, पण त्या वाक्याची. उताऱ्याला जो नियम लावला तो त्यांच्या शब्दांना लावला नाही, हे तुमची प्रतिक्रिया वाचताना जाणवलं आणि रात्रभर खुपत राहिलं. काल त्यांना फोन केला. नव्या स्लाइडवर दोन्ही वाक्यं आहेत आणि खाली ‘हस्तलिखिताच्या पहिल्या वाचक’ असं लिहिलं आहे. साठ पानं रेंगाळतात हे वाचून कोणी नोंदणी करणार नाही, ही शक्यता मला मान्य आहे.

दोन ओळींच्या निवेदनाबद्दल एवढंच म्हणते की ही प्रकाशनपूर्व नोंदणी मला छपाईचा आकडा ठरवण्यासाठी लागते. ऑफसेटवर प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च तीनशे प्रतींनाही तेवढाच आणि हजारांनाही तेवढाच येतो. किती छापायच्या ते आधी कळलं तर किंमत ३५० च्या वर न्यावी लागत नाही. त्यासाठी वाचकाला पुस्तकाची चव दिसायला हवी, आणि ती दोन ओळींत दाखवणं मला जमत नाही.

बदललेल्या शेवटच्या स्लाइडवर आता सगळ्यात वर पुस्तकाचं आणि माझं नाव आहे, आणि त्याखाली हे:

«पाने २६४. किंमत ₹३५०. महिनाअखेरपर्यंत ₹२८०, टपाल ₹८०, एकूण ₹३६०.
वर माझ्या नावावर बोट ठेवा. निळ्या अक्षरांतला फॉर्म भरा. पैसे फॉर्म भरल्यावरच.
नाशिककरांना टपाल नको असेल तर फॉर्ममध्ये ‘दुकानातून’ निवडा, ₹२८०.»

दुकान म्हणजे भांडी बाजारातलं माझ्या मावशीचं. तुम्हाला फॉर्म भरायची गरज नाही. एक प्रत तुमच्यासाठी राखून ठेवते आहे, वर ‘नाशिकरोडचे काका’ अशी चिठ्ठी लावून. पुस्तक आलं की इथेच कळवते. रविवारी सकाळी या, पैसे मावशीकडे द्या. आणि साठ पानं खरंच रेंगाळली तर तेही मला इथेच लिहा.