चूक पहिल्या ओळीत झाली म्हणून खालच्या ओळी चूक ठरत नाहीत

"पहिल्याच पायरीत आकडा चुकला की पुढचं सगळं गणित चूक. तरी सर लोक 'पद्धत बरोबर आहे' म्हणत चारपैकी साडेतीन गुण देऊन टाकतात. फुकटचे गुण आहेत हे, लेकरांना चुकायची सवय लागते. नीट-जेईईत कोण देतं स्टेपचे मार्क? इंजिनिअरचं उत्तर चुकलं तर पूल पडतो. गणितात एक तर बरोबर, नाही तर शून्य."

निकालाच्या दिवसांत लातूर-नांदेडकडे हे बोलणं पालकांच्या तोंडी हमखास ऐकू येतं, काही शिक्षकही मान डोलावतात. मी दहावीला गणित शिकवतो, पेपर तपासतो, आणि मला हे म्हणणं मुळातच चुकीचं वाटतं. एकेक मुद्दा घेतो, पण आधी एक उदाहरण हाताशी हवं.

मोंढ्यात सोयाबीनचा शंकूच्या आकाराचा ढीग पडला आहे. तळाचा व्यास 4.8 मीटर, उंची 1 मीटर. तो झाकायला किती चौरस मीटर ताडपत्री लागेल, आणि 50 रुपये चौरस मीटर दराने खर्च किती येईल? π = 3.14 घ्या. महत्त्वमापनातलं हे चार गुणांचं साधं गणित.

त्रिज्या 2.4 मीटर. तिरकस उंची l² = r² + h² = 5.76 + 1 = 6.76, म्हणून l = 2.6 मीटर. वक्रपृष्ठफळ πrl = 3.14 × 2.4 × 2.6 = 19.5936 चौरस मीटर. खर्च 979.68 रुपये.

गुणांची वाटणी मी अशी करतो. त्रिज्येला अर्धा. तिरकस उंचीचं सूत्र लिहून त्यात किमती घातल्या की एक, तिचं उत्तर बरोबर आलं की अर्धा. वक्रपृष्ठफळाचं सूत्र आणि किमती यांना एक, उत्तराला अर्धा. खर्चाला अर्धा. यातले दोन पूर्ण गुण पद्धतीचे आहेत, बाकीचे अचूकपणाचे. ही विभागणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. केंब्रिजच्या गणिताच्या गुणदान योजनेत पद्धतीचे गुण आणि अचूकतेचे गुण वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात, आणि सीबीएसईच्या उत्तरसूचीतही गुण पायरीगणिक लिहिलेले असतात.

आता फुकटच्या गुणांचा मुद्दा. एका मुलीने सगळं बरोबर केलं आणि अगदी शेवटी 19.5936 ला 50 ने गुणताना हातचा सोडला, 979.68 च्या जागी 879.68 लिहिलं. तिचा अर्धा गुण जातो, साडेतीन मिळतात. यावर कोणाचंही भांडण नसतं. दुसऱ्या मुलाने व्यासाचा निम्मा करायचं विसरून त्रिज्या 4.8 घेतली. मग त्याने l² = 23.04 + 1 = 24.04 काढलं, l साधारण 4.9 घेतली, 3.14 × 4.8 × 4.9 = 73.8528 चौरस मीटर आणि खर्च 3692.64 रुपये लिहिला. पहिली ओळ सोडली तर त्याच्या 4.8 ला धरून एकही ओळ चुकलेली नाही. सूत्र बरोबर, वर्ग बरोबर, मूळ बरोबर, गुणाकार बरोबर. त्याचाही अर्धाच गुण गेला पाहिजे.

त्याला शून्य द्यायचं म्हटलं तर चूक किती मोठी होती हे न बघता ती कोणत्या ओळीत झाली एवढ्यावरच शिक्षा ठरते. दोघांनी एकेकच चूक केली; एकीची तळाशी झाली म्हणून अर्धा गुण जायचा आणि दुसऱ्याची माथ्यावर झाली म्हणून चारही जायचे, असा हिशेब होतो. त्या मुलाला पायथागोरसचा उपयोग कळतो की नाही, वक्रपृष्ठफळाचं सूत्र कळतं की नाही, हे प्रश्न आपण स्वतःच विचारले होते. त्याने दोन्हींची उत्तरं वहीवर दिली आहेत. ती वाचायचीच नाहीत असं ठरवलं तर प्रश्न चार गुणांचा कशासाठी ठेवला?

त्याचा खर्च खऱ्या उत्तराच्या जवळजवळ पावणेचार पट आला आहे, हे दाखवून लोक मला अडवतात. पण अंतिम उत्तर किती लांब गेलं यावरून चुका किती झाल्या हे कळत नाही. पहिल्या ओळीतली एक चूक पुढच्या प्रत्येक गुणाकारातून फुगत जाते, त्यामुळे लांब गेलेल्या उत्तरामागेही एकच चूक असू शकते. उलट बाजूही खरी आहे. 16/64 मध्ये वरचा-खालचा 6 खोडला तरी 1/4 हेच बरोबर उत्तर येतं. फक्त उत्तराला गुण द्यायचे तर त्यालाही पूर्ण गुण द्यावे लागतील.

व्यास-त्रिज्येचा गोंधळ हा हातचा सोडण्यापेक्षा गंभीर आहे, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. मग त्रिज्येच्या पायरीला अर्ध्याऐवजी एक गुण ठेवा आणि दुसरीकडचा अर्धा कमी करा. पण हे तपासणी सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे, आणि सगळ्या उत्तरपत्रिकांना सारखं लागलं पाहिजे.

हे गुण डोळे झाकून द्यायचे नसतात, हे मात्र पालकांपर्यंत पोचत नाही. चूक पुढे नेऊन गुण देणं हे परीक्षकाला जास्त कामाचं आहे. आकडा जिथे फिरला ती ओळ आधी शोधायची, तिथे गुण कापायचा, आणि मग मुलाचाच आकडा घेऊन खालचं गणित आपण करायचं. वरच्या मुलासाठी मला 3.14 × 4.8 × 4.9 स्वतः करून बघावं लागतं. तिथे 73.8528 च्या जागी दुसरं काही असेल तर ती नवी चूक, तिचा गुण वेगळा जातो. गठ्ठा मोठा आणि वेळ थोडा असला की दोन प्रकारची घाई होते: उत्तर जुळलं नाही म्हणून खाली सरसकट फुली, नाही तर सूत्रं दिसली म्हणून न पडताळता गुण. दोन्ही वाईट. दुसऱ्या प्रकारच्या घाईलाच लोक फुकटचे गुण म्हणत असतील, तर ती तक्रार मला मान्य आहे.

आणि या सवलतीला हद्द आहे. दोन वह्या दाखवतो.

एका मुलाने 2.4 चा वर्ग 4.16 काढला: दोनचा वर्ग 4, पॉइंट चारचा वर्ग 0.16, बेरीज 4.16. मग l² = 5.16, l साधारण 2.27. पुढे 3.14 × 2.4 × 2.27 = 17.10672, खर्च 855.34. इथे तिरकस उंची त्रिज्येपेक्षा कमी आली. ती काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे, आणि कर्ण बाजूपेक्षा लहान असू शकत नाही. ढीग कोणत्याही मापाचा असो, हे उत्तर अशक्य आहे. आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या गणिताच्या गुणदान सूचनांत यासाठी स्पष्ट नियम आहे: आधीच्या चुकीमुळे एकापेक्षा मोठी संभाव्यता किंवा 1.5 इतका साइन अशी अशक्य किंमत आली, तर अंतिम उत्तराचा गुण द्यायचा नाही. मी तोच धागा इथे लावतो. त्रिज्येचा अर्धा, पद्धतीचे दोन, वक्रपृष्ठफळाचा गुणाकार त्याच्या आकड्यानुसार बरोबर म्हणून अर्धा, असे तीन. तिरकस उंचीच्या उत्तराचा अर्धा आणि शेवटचा अर्धा गेला. दुसरा परीक्षक इथे साडेतीन देईल; म्हणूनच असले प्रसंग तपासणीआधीच्या बैठकीत नियामकांसमोर काढावे लागतात.

दुसऱ्या वहीत तिरकस उंची काढलेलीच नाही. मुलीने थेट 3.14 × 2.4 × 1 = 7.536 लिहिलं आणि खर्च 376.80 काढला. इथे चूक पुढे आलेली नाही, πrl च्या जागी πrh वापरलं म्हणजे पद्धतच चुकली. शिवाय 1 ने गुणायचं असल्याने कामही सोपं झालं. त्रिज्येचा अर्धा आणि तिच्या क्षेत्रफळावरून काढलेल्या खर्चाचा अर्धा, मिळून एक गुण. "तिनेही काहीतरी केलंच की" म्हणून यापुढे मी जात नाही. चुकीमुळे पुढचं काम तेवढंच अवघड राहिलं असेल तर गुण पुढे चालतात. चुकीने अवघड भागच उडाला असेल तर थांबतात.

राहिलं नीट-जेईई. नीटमध्ये भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असतं, गणिताचा पेपरच नसतो. जेईई मेनमध्ये असतो, आणि तिथे बरोबर पर्यायाला 4 गुण, चुकीच्या पर्यायाला वजा 1. तिथे पायरीचे गुण नाहीत, कारण कच्चं काम परीक्षकापुढे जातच नाही. ते दिसत नाही म्हणून ते मोजलं जात नाही. त्यावरून ते मोजण्याच्या लायकीचं नाही असं कसं ठरतं? आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात, चुकीचा पर्याय न निवडता बरोबर पर्यायांपैकी फक्त काही निवडले तर अंशतः गुण मिळतात. दहावीच्या पेपरात लेखी उत्तर मागतो तर ते वाचणं आपल्यावर बंधनकारक आहे.

पुलाबद्दल थोडक्यात. पुलाच्या आराखड्याची गणितं दुसरा अभियंता ओळीओळीने पडताळतो, कारण चूक कोणालाही होऊ शकते आणि ती कोणत्या ओळीत आहे हे सापडावं लागतं. नुसतं अंतिम उत्तर बघून तिथे कोणी सही करत नाही.

ज्यांच्या लेकराचे गुण खरोखर गेले असतील त्यांनी बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवावी. गणितात आकडा जिथे पहिल्यांदा फिरला ती ओळ शोधा. त्याखालच्या ओळी मुलाच्याच आकड्याने करून बघा. त्या जुळत असतील आणि तरी तिथे फुली किंवा शून्य असेल, तर विषयशिक्षकाला ती ओळ दाखवा आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत द्या. नुसती गुणपडताळणी मागितली तर गुणांची बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघतात; आकडा पुढे नेऊन गुण द्यायचे राहिले असतील तर ते त्यात सापडत नाहीत.