शेवटची तारीख शोधून दाखवा

आज सकाळी पेपरात एक निविदा सूचना वाचली आणि डोकंच फिरलं. 'गोव्याच्या राज्यपालांच्या वतीने' म्हणून जे वाक्य सुरू होतं, ते संपेपर्यंत आपण काय शोधत होतो तेच विसरायला होतं.

आमच्या वहिनींचा स्वयंसाहाय्य गट आहे. डिचोलीकडे एका सरकारी कार्यालयाच्या कँटीनची निविदा त्यांनी भरली. सूचनेत वर ठळक तारीख होती सोमवारची, ऑनलाइन दर भरायची. खाली नवव्या मुद्द्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की अनामत रकमेचा मूळ डीडी शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत कार्यालयात पोचला पाहिजे. वहिनी सोमवारी डीडी घेऊन गेल्या. गटाने ऑनलाइन भरलेले दर उघडलेच नाहीत.

म्हणे, सूचना नीट वाचायला हवी होती. अहो, सगळ्या बायकांनी मिळून वाचली होती! एकाच कामाच्या दोन मुदती दोन टोकांना लिहिल्या तर कोण काय करणार?

हीच सूचना अशी लिहिता आली असती:

काम: कार्यालयाचं कँटीन चालवणे, 1 वर्ष.
कोण भरू शकतो: अन्न परवाना आणि कँटीन किंवा खानावळीचा 2 वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती किंवा गट.
शेवटची तारीख: आधी मूळ डीडी, शुक्रवार 14, दुपारी 3. मग ऑनलाइन दर, सोमवार 17, सायंकाळी 5.
कसं भरायचं: डीडी कार्यालयात हातोहात, दर पोर्टलवर. डिजिटल सही लागेल.

वर निविदा क्रमांक, खाली अनामत रक्कम आणि अधिकाऱ्याचं पद. बस्स. भरायचं की नाही हे ज्यावरून ठरतं ते सूचनेत हवं. काम मिळाल्यानंतर लागणारं दंड, बिलं, करारनामा हे सगळं निविदेच्या कागदपत्रांत जाऊ दे. डिजिटल सहीचं मात्र सूचनेतच हवं, कारण ती काढायलाच दिवस जातात. वहिनींच्या गटाला ते ऐनवेळी कळलं, शेवटी पुतण्याने धावपळ करून काढून दिली.

कायद्याची भाषा लागते, मान्य. ऑडिटवाले विचारतात, तेही मान्य. टेबलावरचा कारकून मागच्या वर्षीचीच सूचना पुढे ओढतो, कारण तिला कुणी हरकत घेतलेली नसते. त्याच्यावर तरी किती रागवायचं? पण जाहिरातीची जागा वाचवायची वेळ आली की कात्री नेमकी पात्रतेवर चालते आणि 'अटी संकेतस्थळावर पाहाव्यात' एवढंच उरतं. राज्यपालांचं वाक्य मात्र अख्खंच्या अख्खं!

आणि शुद्धिपत्रक काढाल तेव्हा नवी तारीख, वार, वेळ पूर्ण छापा. 'मुद्दा क्र. 9 मध्ये 14 ऐवजी 18 वाचावे' असलं नको. मुद्दा क्र. 9 असलेल्या पेपरात तोवर बाजारातले बांगडे बांधून झालेले असतात.