‘नावापुढे रोड’ कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

*“‘नावापुढे रोड’ वाचून मला हे बांधकाम खात्यातल्या अभियंत्याचं पुस्तक वाटलं. रेल्वेतला एवढा मोठा अधिकारी, चाळीस वर्षांची नोकरी, आणि नावात ना गाडी, ना सिग्नल, ना स्टेशन. ‘लाइन क्लिअर’ किंवा ‘हिरवा सिग्नल’ ठेवलं असतं तर दुकानात आपोआप हात पुढे गेला असता. चमकदार नावाच्या हौसेपायी तुम्ही लेखकावर अन्याय केलाय.”*

बांधकाम खात्याचा टोला बसला, हे आधीच कबूल करतो. त्यावर काय केलं ते शेवटी सांगतो. पण तुम्ही सुचवलेली दोन्ही नावं आमच्या यादीत होती आणि दोन्ही अण्णांनीच खोडली. (लेखकाला आम्ही सगळे अण्णाच म्हणतो.)

‘हिरवा सिग्नल’ घ्या. स्टेशनमास्तर म्हणून अण्णांची पहिली सगळी वर्षं हाताच्या सिग्नलवर गेली. खांबावर लाल रंगाची आडवी पाटी, तिच्यावर पांढरा पट्टा. पाटी आडवी म्हणजे थांबा, खाली झुकली म्हणजे या. दिवसा त्यात हिरवं काही नसायचंच. हिरवी काच दिसायची ती रात्री, मागे घासलेटचा दिवा लावल्यावर. जुनी माणसं ‘सिग्नल पडला’ म्हणायची आणि पिशव्या उचलायची, ते या पडणाऱ्या हातामुळे. मी लगेच ‘सिग्नल पडला’ हेच नाव सुचवलं. अण्णा खूश झाले. मग त्यांच्या नातीला विचारलं, तर ती म्हणाली, “म्हणजे सिग्नल बंद पडला ना? गाड्या लेट?” तिथेच ते नाव गेलं.

‘लाइन क्लिअर’ची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो शब्द अण्णांच्या रोजच्या वापरातला. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनच्या मास्तरांनी संमती दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. ती संमती म्हणजे लाइन क्लिअर. अण्णांच्या काळी ती मिळाली की इकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर यायचा. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हातात. तो गोळा हातात असेपर्यंत त्या दोन स्टेशनांमधल्या रुळांवर दुसरी गाडी येऊ शकत नसे. नाव म्हणून वाईट नाही. पण ते गाड्यांच्या पुस्तकाचं नाव आहे, आणि अण्णांच्या दोनशे हस्तलिखित पानांत गाड्या फार थोड्या आहेत. दिवसात चार-पाच गाड्या, त्यातल्याही काही न थांबणाऱ्या. बाकी सगळं आहे ते दोन गाड्यांच्या मधलं. शिवाय कॉलेजातल्या मुलांत ‘तिची लाइन क्लिअर आहे’ याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. अण्णांना तो मी सांगितला नाही.

मग हस्तलिखित पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी फक्त एका प्रश्नासाठी: हा माणूस पुन:पुन्हा कुठे परत जातो? तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य सापडलं: “गावाचं नाव मी रोज रजिस्टरात लिहीत होतो, गाव पाहिलं चौदा महिन्यांनी.”

हे स्टेशन वऱ्हाडातल्या मीटरगेजवरचं. बोर्डावर गावाचं नाव, पुढे ‘रोड’. आपण नाशिक रोड, सावंतवाडी रोड इतक्यांदा म्हणतो की त्या शब्दाकडे लक्षच जात नाही. पण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ सरळ आहे: हे ते गाव नव्हे, इथून त्या गावाला रस्ता जातो. रूळ टाकणाऱ्याला चढ कमी हवा, पूल थोडे हवेत. त्याच्या सोयीची रेघ गावापासून लांबून गेली तर गाव बाजूला राहतं आणि स्टेशन रानात उभं राहतं. सावंतवाडी रोडचं स्टेशन मळगावात आहे, हे तिथे रात्री उतरलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

अण्णांच्या स्टेशनच्या बोर्डावरचं गाव अकरा किलोमीटरवर. बारा तासांची ड्यूटी, दोन मास्तर, आणि सुट्टी द्यायला येणारा रेस्ट गिव्हर आठवड्याला यायचा तो महिन्याला उगवायचा. गावाला जायचं कधी? गावच त्यांच्याकडे यायचं. रात्रीच्या गाडीने उतरलेली माणसं उजाडेपर्यंत फलाटावरच झोपायची, कारण बैलगाडी सकाळीच मिळायची. अण्णा त्यांच्यासाठी ऑफिसच्या दारातला कंदील मोठा ठेवत आणि घासलेटचा हिशेब जुळवताना फजित होत. पॉइंटमन त्या माणसांना ‘रोडवाले’ म्हणायचा. त्या रोडवाल्यांच्या तोंडून अण्णांना गाव कळत गेलं: कोणाची विहीर आटली, कोणाची मुलगी नांदायला तयार नाही, शाळेला मास्तर आला का. चौदा महिन्यांनी ते खरंच गावात गेले, तेव्हा घरं ओळखीची वाटली आणि माणसं त्यांना ओळखेनात. टोपी आणि कंदील नसलेला स्टेशनमास्तर कोणी पाहिलाच नव्हता. ते प्रकरण वाचल्यावर मी यादी बाजूला ठेवली. पुढच्या तीन बदल्यांत स्टेशनांची नावं बदलतात, हे अंतर तसंच राहतं. त्यातल्या एकाच स्टेशनाच्या नावात ‘रोड’ आहे, हे खरं. पण रेल्वेच्या बोलीत अशा सगळ्याच अधल्यामधल्या स्टेशनांना ‘रोडसाइड’ म्हणतात, तेव्हा शब्द उपरा नाही.

‘एवढा मोठा अधिकारी’ हे नावात का नाही? अण्णा अधिकारी झाले ते नोकरीच्या उत्तरार्धात, आणि डिव्हिजन ऑफिसातल्या त्या वर्षांना त्यांनी स्वतःच दोन प्रकरणं दिलीत, तीही उरकल्यासारखी. नावात हुद्दा घातला तर वाचक चौकश्या, अपघात, वरिष्ठांची भांडणं शोधत येईल आणि कंदिलाशी येऊन अडखळेल. हुद्दा मलपृष्ठावर आहे, तिथे तो शोभतो.

एक अगदी रुक्ष कारणही आहे. छापील पुस्तक साधारण १६० पानांचं होतंय, म्हणजे कणा जेमतेम ८ मिलिमीटर. ‘एका रेल्वे अधिकाऱ्याच्या आठवणींचा प्रवास’ त्या कण्यावर बसवायचा तर अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि दुकानात पुस्तक बहुधा कण्यानेच उभं असतं. दोन शब्द तिथे ठसठशीत दिसतात.

आता तुमचा टोला. दोन गोष्टी बदलल्या. उपशीर्षक आधी ‘आडवळणाची वर्षे’ असं होतं, ते रस्त्याचा गैरसमज वाढवणारंच होतं. आता ‘छोट्या रेल्वे स्टेशनांवरची वर्षे’ केलंय. साधं आहे, पण इंटरनेटवर ‘रेल्वे’ शोधणाऱ्यालाही पुस्तक सापडेल. दुसरं म्हणजे मुखपृष्ठावर नाव आता स्टेशनच्या बोर्डासारखं येईल, पिवळ्यावर काळं, दोन खांबांसकट. कच्ची प्रत काल अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “समुद्रसपाटीपासूनची उंची कुठाय? ती नसेल तर हा बोर्ड कसला?” आकडा त्यांच्या जुन्या डायरीत आहे म्हणे. डायरी माळ्यावर आहे, आणि छपाई तेवढ्यासाठी थांबली आहे.