किंमत विचारायला इनबॉक्समध्ये का यायचं?

काल आमच्या हातमाग संस्थेकडे आणखी एक साडी परत आली. पार्सल उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. मोतिया अंग, लाल काठ, आणि काठापासून चार बोटं आतपर्यंत गुलाबी पसरलेलं, जसं कुणी ओल्या कापडावर कुंकू सांडलंय. सोबत चिठ्ठी होती. "तुमच्या पोस्टमध्ये धुण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळे सांगतात म्हणून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली."

बाईंची यात काडीची चूक नाही. मी ती जुनी पोस्ट शोधून काढली. खाली कॅप्शन होतं: "शतकांच्या परंपरेचा श्वास, विणकराच्या बोटांतली जादू, धाग्याधाग्यात गुंफलेलं स्वप्न. प्रेमानं जपा. किमतीसाठी इनबॉक्स करा." लिहिणारी मीच. म्हणजे हात माझा होता, पण "अजून जरा भावनिक करा" म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीनं तीनदा परत पाठवल्यावर जे उरलं ते हे. प्रेमानं जपा म्हणजे काय करायचं? बादलीत की कपाटात? गरम पाणी चालतं का, हे प्रेमाला कसं कळणार?

आमच्याकडे हातमाग संस्थेचं कॅप्शन म्हणजे निबंधस्पर्धा समजतात. मी एकदा धुण्याच्या चार ओळी घातल्या तर उत्तर आलं, "अहो, काळजीचं इतकं लिहिलं की माल नाजूक वाटतो." आणि न लिहिता तो परत आला की कसा वाटतो?

त्या लाल काठाचंच घ्या. काठाचं सूत वेगळं रंगवतात, लडीच्या लडी. आमच्या रंगात मीठ पडतं आणि सोडा पडतो. मीठ रंगाला पाण्यातून सुताकडे ढकलतं, आणि रंग पक्का बसतो तो सोड्यानं. सगळाच रंग बसत नाही. थोडा सुटा राहतो आणि तो रंगाऱ्यानं उकळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन काढायचा असतो. घाईत एखादी धुणी राहिली की तो सुटा रंग साडीसोबत गिऱ्हाइकाच्या घरी जातो. म्हणजे पहिली चूक आमचीच.

आता त्यात मीठ टाकून भिजत घातलं की काय होतं? रंग पक्का होत नाही. सोडा नाही, रंगाईची ती क्रियाच नाही, तर होणार कसा? उलट काठातून सुटलेला लाल रंग मीठ पुन्हा सुताकडे ढकलतं, आणि जवळचं सूत कोणतं, तर मोतिया अंगाचं. रात्रभर घडी घालून ओलं ठेवलं म्हणजे त्याला निवांत वेळही मिळाला. व्हिनेगरचंही तेच, सुती कापडावर त्याचा काही उपयोग नाही. हे सांगायला दोन ओळी पुरतात. "भिजत घालू नका. मीठ टाकू नका. पहिल्या तीन धुण्यांना वेगळी, गार पाण्यात, सौम्य साबणानं, पटकन धुवा आणि लगेच उलगडून सावलीत वाळत घाला." या दोन ओळींसाठी आम्हाला जागा नाही. शतकांच्या परंपरेला आहे.

आणि खात्री करायची असेल तर तेही सोपं आहे. पांढरा ओला रुमाल काठाच्या आतल्या बाजूला दहा-बारा वेळा घासायचा. रुमाल लाल झाला तर रंग सुटा आहे. हे आम्ही पाठवण्याआधी करायला हवं, गिऱ्हाइकानं नव्हे, पण ती भांडणं वेगळी आहेत आणि ती मी बैठकीत भांडतेच.

बरं, "ड्राय क्लीन ओन्ली" लिहून मोकळं व्हायचं हा दुसरा आजार. साध्या सुती साडीला ड्राय क्लीन! जी बाई रोज नेसायला साडी शोधते ती हे वाचून पुढे जाते, आणि जी घेते ती वर्षभरात धुलाईलाच इतके पैसे घालवते की पुढची साडी घ्यायचं नाव काढत नाही. जरीच्या काठाला सावधगिरी लागते हे खरं. प्लास्टिकवर धातूचा मुलामा दिलेल्या जरीचा काठ असेल तर तापलेल्या इस्त्रीखाली तो आक्रसतो, म्हणून वर सुती कापड टाकून इस्त्री करायची. पण मग तेवढंच लिहा ना. जरीकाठ नसलेल्या साडीला ते वाक्य चिकटवणं हा निव्वळ आळस आहे.

आता विणकरांची गोष्ट. गोष्ट हवी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा संताप आहे तो गोष्टीत काही घडत नाही याचा. ज्या काकांच्या मागावर ही साडी झाली त्यांना मी ते कॅप्शन वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पायाखालची फळी दाबली, आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे गेला, आणि म्हणाले, "छान आहे गं. पण यात माग कुठाय?"

खरंच कुठे होता? त्यांचा माग मी त्या दिवशी मोजला. साडीचा पन्हा ४६ इंच, इंचाला ६४ उभे धागे, म्हणजे फणीतून २,९४४ टोकं ओवलेली. नवीन ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा संच, लावताना यातलं एकेक टोक जुन्या ताण्याच्या टोकाला पीळ देऊन जोडतात. आडवे धागे इंचाला ६०. साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच. गुणाकार करा, जवळपास १३,००० वेळा धोटा जातो आणि १३,००० वेळा हात्या ओढून तो धागा ठोकावा लागतो. हा आकडा लिहिल्यावर जादू, स्वप्न, श्वास वगैरे लिहायची गरज पडते का? वाचणाऱ्याचा खांदा आपोआप दुखतो.

आमच्या पोस्टवर मात्र असतं, "एक साडी, तीन दिवस, एक कलाकार." तीनही खोटं. नुसत्या विणण्याला तीन दिवस लागले, हे बरोबर. पण त्या ताण्यावर सहा साड्या निघतात, आणि तो ताणा तयार करायला, म्हणजे सूत उकलणं, सुताला खळ लावायची पाजणी, ताणा काढणं, टोकं जोडणं, या सगळ्याला एका माणसाचे धरले तर सहा दिवस गेले होते. एका साडीच्या वाट्याला त्यातला एक दिवस. शिवाय काकू. काकू चरख्यावर धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरतात, काका विणतात त्या प्रत्येक दिवशी निम्मा दिवस, म्हणजे तीन दिवसांत दीड. तीन अधिक एक अधिक दीड, साडेपाच दिवस झाले. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे काकूंचा दीड दिवस त्याच नगात गडप. आणि फोटोत? फोटोत एकटे काका, खिडकीतून तिरपं ऊन, चेहऱ्यावर सुरकुत्या. काकूंना फोटोवाल्यानं "जरा बाजूला व्हा" सांगितलं होतं. मी तिथेच होते.

आणि हे साडेपाच दिवस लपवून वर कार्यकारिणी मला म्हणते, लोक "महाग आहे" म्हणतात. म्हणणारच! काम तीन दिवसांचं सांगताय आणि पैसे साडेपाच दिवसांचे लावताय. बरं, किंमत सांगतही नाही. "इनबॉक्स करा." रोज इनबॉक्समध्ये तेच, किती, किती, किती, आणि उत्तर देणारी मी. विचारणाऱ्यांतले बरेच आकडा कळला की गप्प होतात. ते आधीच कळलं असतं तर त्यांचाही वेळ वाचला असता आणि माझा जीवही. काहींना वाटतं माणूस बघून भाव सांगतात. वाटणारच, लपवलेल्या किमतीचा दुसरा अर्थ काय निघतो? "अमुकपासून पुढे" हाही तसलाच प्रकार. त्या अमुकला जी मिळते ती साडी फोटोत कधीच नसते.

गंमत म्हणजे गोष्ट, काळजी आणि किंमत ही तीन वेगळी प्रकरणं नाहीतच. पाजणीची खळ सुतात असते म्हणून नवी साडी कडक लागते आणि पहिल्या धुण्यात मऊ पडते. हे लिहिलं की विणकराचं कामही कळलं आणि "धुतल्यावर कापड हलकं निघालं" ही तक्रारही संपली. ताणा मागावर ओढून धरलेला असतो, सैल झाला की पाण्यात लांबी जरा आटते, मीटरमागे तीनेक सेंटिमीटर धरून चाला, म्हणून शिवायचं कापड आधी धुवा. कडेला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात ती पन्हा ताणून धरणाऱ्या पट्टीची, कापड फाटलेलं नाही. (यंत्रमागाच्या कापडावरही अशा खुणा पडतात, तेव्हा कृपया त्यांना हातमागाचा पुरावा म्हणून विकू नका. हेही आमच्याकडे करून झालंय.)

काल रात्री रागाच्या भरात मी नवीन कॅप्शन लिहिलं. पहिल्या ओळीत किंमत, आकड्यात, कर धरून, पाठवणी वेगळी की त्यातच हे स्पष्ट, आणि किंमत लावल्याची तारीख, कारण सुताचा भाव बदलतो आणि जुनी पोस्ट दाखवून लोक भांडतात. 'आणखी वाचा' दाबायच्या आत एवढं दिसलंच पाहिजे. पुढे हे:

"सुती साडी, साडेपाच मीटर, ब्लाउजपीस नाही. काकूंनी कांड्या भरल्या, काकांनी तीन दिवसांत १३,००० वेळा धोटा टाकला. ताण्याच्या तयारीसकट साडेपाच दिवसांचं काम या किमतीत आहे. खळीमुळे आत्ता कडक लागेल, पहिल्या धुण्यानंतर मऊ होईल. लाल काठाचा रंग सुरुवातीला थोडा सुटू शकतो, म्हणून पहिली तीन धुणी वेगळी, गार पाण्यात. भिजत घालू नका, मीठ नको. ओली घडी करून ठेवू नका. मधे एखादी गाठ दिसेल, तिथे धागा तुटला होता आणि काकांनी जोडला."

काका-काकूंना फोनवर वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "माझं नाव टाकलं तरी चालेल." मग कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकलं. सकाळी अध्यक्षांचं उत्तर आलं, अंगठा आणि एक ओळ.

"खूप छान. फक्त किंमत काढा, आणि सुरुवातीला परंपरेबद्दल काहीतरी घाला."