रेफरन्ससाठी जुन्या साहेबांना विचारताना

गेली बरीच वर्षे टॉवेल आणि चादरींच्या निर्यातीच्या व्यवसायात माणसे सांभाळल्यामुळे, कधीकाळी माझ्या हाताखाली काम केलेल्या मुलामुलींच्या नव्या नोकरीच्या चौकशीसाठी पुण्याहून येणारे फोन मला नवीन नाहीत. त्यांपैकी कित्येकदा असे होते, की समोरची व्यक्ती ‘तुमचे नाव रेफरन्स म्हणून दिले आहे’ असे सांगते आणि ते मला त्याच क्षणी प्रथमच कळते. अशा वेळी मी मदत करतो. परंतु आठवत आठवत, चाचपडत दिलेली उत्तरे फोनवर ऐकणाऱ्याला थंडच वाटतात आणि त्याचा तोटा उमेदवाराला होतो.

म्हणून आधी विचारावे, हे उघड आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे: कसे विचारावे, यावर बरेच अवलंबून असते. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची रीत नाही. ‘सर, रेफरन्स द्याल ना?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो, दे की नाव’ असेच येणार, मग त्या माणसाला तुमचे काम धड आठवत असो वा नसो. नाइलाजाने मिळालेला हा होकार स्पष्ट नकारापेक्षा अधिक महागात पडतो. त्यामुळे नकार देणे सोपे जाईल, अशीच विचारणा करावी.

शेजारच्या एका मुलीचे उदाहरण देतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका कारखान्यात ती निर्यातीची कागदपत्रे पाहत असे. पुण्यातील नोकरीच्या शेवटच्या फेरीनंतर तिच्याकडे पूर्वीच्या वरिष्ठांचे नाव, हुद्दा, फोन आणि कंपनीचा ईमेल मागण्यात आला. तिचे साहेब मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत गेले होते. थेट फोन केला तर ते तिथल्या तिथे ‘हो’ म्हणून टाकतील, हे ओळखून तिने आधी व्हॉट्सॲपवर लिहिले. तिच्या परवानगीने तो मजकूर येथे देत आहे:

‘नमस्कार सर. पुण्यातील एका निर्यात कंपनीत डॉक्युमेंटेशनच्या पदासाठी माझी निवड जवळपास निश्चित झाली असून, त्यांना पूर्वीच्या वरिष्ठांशी बोलायचे आहे. माझे शिपमेंटच्या कागदपत्रांचे काम आपण जवळून पाहिले आहे. त्याविषयी आपण मोकळेपणाने चांगले सांगू शकाल, असे वाटत असेल तरच आपले नाव द्यावे, असा विचार आहे. आपल्या सध्याच्या कंपनीच्या नियमांत ते बसत नसेल किंवा आता नीट आठवत नसेल, तर निःसंकोच कळवावे. मी दुसऱ्या वरिष्ठांना विचारू शकते.’

या मजकुरात नकाराची दोन सन्माननीय कारणे तिने स्वतःच पुढे केली आहेत. पहिले कारण केवळ सौजन्यापोटी लिहिलेले नाही. अनेक मोठ्या कंपन्या अधिकाऱ्यांना वैयक्तिक रेफरन्स देऊ देत नाहीत आणि एचआरकडून फक्त हुद्दा व नोकरीच्या तारखा कळवल्या जातात. ‘आपलेच नाव दिले आहे, सांभाळून घ्या’ असे तिने लिहिले असते, तर साहेबांसमोर पर्यायच उरला नसता.

उत्तर कसे वाचावे, हेही कळले पाहिजे. ‘बघू या’, ‘एचआरला विचारलेस का?’ किंवा दोन दिवसांनी आलेला नुसता अंगठा हे सर्व नकारच समजावेत आणि आभार मानून विषय तिथेच थांबवावा. पुन्हा आठवण करून दिल्यास होकार मिळतोही, पण तो मघाशी सांगितला त्या जातीचा असतो. (सध्याच्या नोकरीतील साहेबांना राजीनाम्यापूर्वी विचारू नये, हे वेगळे सांगायला नको.)

तिच्या साहेबांनी मात्र तासाभरात ‘जरूर दे, पण फोन कधी येईल?’ असे विचारले. त्यानंतर तिने पदाचे नाव, फोन येण्याचा अंदाजे आठवडा आणि रिलीव्हिंग लेटरवरील दोन्ही तारखा पाठवल्या. तारखा मला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण साहेब सहज ‘दोनेक वर्षे होती’ म्हणाले आणि कागदावर सव्वा वर्ष निघाले, तर संशय उमेदवारावर येतो. सोबत एका प्रसंगाची आठवणही तिने करून दिली: बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर माल चढवल्याच्या कागदावर, खरेदीदाराच्या नावाचे स्पेलिंग एलसीपेक्षा, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्रापेक्षा, वेगळे पडले होते आणि कागद बँकेत जाण्यापूर्वी तिने ते पकडले होते. काय बोलावे, हे तिने साहेबांना सांगितले नाही. तसे सांगणे मला स्वतःला आवडत नाही; घडलेल्या गोष्टीची आठवण देणे वेगळे आणि पढवणे वेगळे.

फॉर्म भरताना तिने साहेबांचा सध्याचा ईमेल आणि हुद्दा दिला, परंतु नात्याच्या रकान्यात ‘त्या काळातील रिपोर्टिंग मॅनेजर, आता अन्यत्र कार्यरत’ असे स्पष्ट लिहिले. नाहीतर पडताळणी करणाऱ्याला दोन कंपन्यांची नावे जुळली नसती. अनोळखी क्रमांकावरून फोन येईल, हे तिने फॉर्म पाठवला त्याच दिवशी साहेबांना कळवले. फोन आला तेव्हा ते बैठकीत होते, पण क्रमांक अनोळखी असूनही त्यांनी संध्याकाळी स्वतःहून उलट फोन केला.