अकरा मुद्द्यांचा विज्या

विज्याचा मेसेज रात्री पावणेबाराला आला. चार ओळी वाचून झाल्या की खाली ‘अधिक वाचा’. ते दाबलं, वाचलं, तर खाली पुन्हा ‘अधिक वाचा’. तेव्हाच ओळखलं, आपलं काहीतरी चुकलंय आणि ते थोडंथोडकं नाही.

विज्या बँकेत आहे. ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं लिहून लिहून तो रागसुद्धा आकडे घालून काढतो. एकूण मुद्दे अकरा. विषय, त्याच्या आईंचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम, रविवारी गावभागात झालेला. मी उशिरा आलो. जेवताना मोबाईल बघत होतो. न सांगता निघून गेलो. सगळ्यांनी मिळून घेतलेल्या पैठणीतले माझे साडेसातशे अजून यायचेत. भेट म्हणून भडंग आणलं (‘सांगलीत सांगलीकराला भडंग? वर त्या दुकानाची पिशवीपण काढली नव्हतीस’). अकरावा मुद्दा 1998 सालचा: स्कूटर नेली आणि टाकी कोरडी करून परत दिली.

मी गणिताचा मास्तर. प्रश्न आला की त्याखाली उत्तर लिहायचं, ही तीस वर्षांची खोड. उशीवर कोपर टेकून बसलो आणि मुद्दा क्रमांक एक घेतला. ‘मी दोनला नाही, एक वाजून दहा मिनिटांनी आलो.’ पुरावा म्हणून मांडवातला फोटो जोडला, वेळेसकट.

उत्तर लगेच. ‘म्हणजे कार्यक्रम अकराचा होता हे मान्य?’

मुद्दा दोन. ‘मोबाईल नव्हतो बघत, मुलीचा फोन आलेला.’ त्यावर, ‘मग तिलाही का नाही आणलंस?’ हा बारावा मुद्दा झाला. रागाच्या भरात एक वाक्य जरा तिखट गेलं, म्हणून घाईनं बदललं. पंधरा मिनिटांच्या आत ती सोय आहे, पण मेसेजखाली ‘संपादित’ असा शिक्का उमटतो. विज्या म्हणाला, ‘काय खोडलंस?’ तेरावा. साडेबारापर्यंत आम्ही सोळावर पोचलो होतो आणि मी मात्र प्रत्येक उत्तरात बरोबर होतो.

“अहो, लाइट बंद करा,” बायको म्हणाली. मग तिनं मोबाईल घेतला आणि चष्मा लावून सगळं वाचलं. इतकं सावकाश मी कधी कुणाचा पेपर तपासला नाही.

“हा सातवा वाचलात का?”

वाचला होता, म्हणजे नजर फिरवली होती. बाकीच्या प्रत्येक मुद्द्यामागे तीन-तीन उद्गारचिन्हं. सातव्याला फक्त पूर्णविराम. ‘आई तुझ्यासाठी पोळी बाजूला काढून बसली होती.’

मी गेलो होतो, जेवलो होतो, आईंना लांबूनच नमस्कार करून सटकलो होतो. त्यांच्याभोवती गर्दी होती. कॉलेजात असताना याच बाईंनी मला आठवड्यातनं तीनदा जेवायला घातलंय.

“बाकीचे दहा याच्यासाठी आलेत,” बायको म्हणाली. “वऱ्हाड आहे ते.”

मग मी एकच उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा, ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ “‘असेल तर’ कशाला? त्यानं अकरा मुद्दे काय गंमत म्हणून लिहिलेत?” दुसरा, ‘चुकलं माझं, पण गर्दी फार होती.’ ‘पण’ उडाला, त्याच्यासोबत गर्दीही गेली. वैतागून म्हटलं, नुसतं ‘ठीक आहे’ आणि खाली नमस्काराचे हात टाकतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते हात मीच तिला जोडले.

शेवटी गेलं ते एवढंच: ‘विज्या, आई वाट बघत बसल्या आणि मी त्यांच्याजवळ पाच मिनिटंही बसलो नाही. चुकलं. उद्या संध्याकाळी येतो.’

वेळेबद्दल काही नाही, भडंगाबद्दल काही नाही. साडेसातशे मात्र त्याच क्षणी पाठवले. पैशाच्या मुद्द्याला शांतपणानं भागत नाही, तिथं रक्कमच लागते. स्कूटरबद्दल न लिहिताना हाताला कंप सुटला होता, कारण त्या टाकीत पेट्रोल मुळातच नव्हतं.

दोन निळ्या खुणा झाल्या. ‘टायपिंग’ दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसलं. मी सतराव्या मुद्द्याची तयारी करून बसलो. आलं ते असं: ‘बरं. साडेपाचला ये, आईचा चहा असतो.’

दुसऱ्या दिवशी हात हलवत गेलो. भडंग नेण्याची छाती नव्हती. आईंनी शेजारी बसवलं, गुडघ्यांची हकिगत सांगितली, ताटलीत पोळी आणि वर तुपाची धार वाढली. विज्या समोर पेपर धरून बसलेला. तो मघापासून एकच पान वाचत होता.

मी पहिला घास मोडला, तशा आई म्हणाल्या, “काय रे, त्या स्कूटरमध्ये पेट्रोल नव्हतं म्हणे?”

पेपर जरा वर गेला. मी घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिलो.