सिस्टीम म्हणते, पैसे मिळाले

एटीएममधून दहा हजार आले नाहीत, पण खात्यातून गेले. इथवरची गोष्ट ठाण्यात कुणाला समजावावी लागत नाही. मला चीड आली ती नौपाड्याच्या शाखेतल्या बाईंच्या वाक्याची. स्क्रीन माझ्याकडे तसूभरही न वळवता त्या म्हणाल्या, "इथे सक्सेसफुल दाखवतंय. म्हणजे पैसे तुम्हाला मिळालेत." सूर असा की घरी जाऊन खिसे पुन्हा झटकावेत.

तेवढ्यात पासबुक छापायच्या मशीनला टेकलेले एक काका मदतीला धावले. काखेत रबर लावलेली फाईल, डोळ्यांत अनुभव.

"इथे काय वेळ घालवताय? थेट रिझर्व्ह बँकेला लिहायचं! मी नेहमी तिथेच लिहितो."

"मग? काम झालं?"

"परत आली ना तक्रार. म्हणाले, आधी बँकेकडे जा."

"मग?"

"मग मी त्यांचीही तक्रार केली."

"कुणाकडे?"

"पंतप्रधानांकडे." फाईलवर टिचकी मारून काका म्हणाले, "पोच आहे."

"आणि बँकेला लिहिलंत का?"

"यांना? हे वाचतात कुठे!" बाई आमच्या दोघांकडेही बघत नव्हत्या, त्यामुळे मुद्दा खोडणं कठीण होतं. आता काका पासबुक छापायला थांबले होते आणि मशीन बंद होतं. त्याचीही तक्रार वरच्या वर जाणार, याबद्दल मला शंका नाही.

काकांचं पत्र परत येणारच होतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी स्वतःच्या बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तिने ती फेटाळली, अर्धवट सोडवली, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर लोकपालाचं दार उघडतं. त्याआधी ठोठावलं की अर्ज तिथेच निकाली. आणि 'स्वतःची बँक' म्हणजे कार्ड जिचं ती. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार कार्डवाल्या बँकेकडेच करायची.

म्हणून सगळा खेळ तारखेचा. मी पत्राच्या दोन प्रती नेल्या होत्या. बाईंनी माझ्या प्रतीवर शिक्का उमटवला. गोल, जांभळा, आणि मधली तारीख शाई सुकल्यामुळे अशी पुसट की १ आहे की ७, हे ज्योतिषालाच कळावं. तारीख पेनाने लिहून सही करा म्हटल्यावर त्यांनी असं पाहिलं, जणू मी किडनी मागितली. पण ते ३० दिवस मोजायचे याच तारखेपासून. तेव्हा लाज सोडून मागायची. फोनवर तक्रार केली तर रेफरन्स नंबर मागायचा आणि त्याच दिवशी तो नंबर टाकून बँकेला ईमेल करायचा, म्हणजे लेखी पुरावा होतो.

पत्रात नुसतं 'पैसे मिळाले नाहीत' लिहून भागत नाही. दिनांक, वेळ, मशीनचा क्रमांक आणि रक्कम द्यायची, आणि मशीनची ईजे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जर्नलमधली नोंद व त्या दिवसाचा रोकड ताळेबंद तपासा, अशी मागणी करायची. 'सक्सेसफुल' म्हणजे पलीकडच्या संगणकाने होकार दिला, एवढंच. नोटा बाहेर आल्या की अडकल्या, ते मशीनच्या नोंदीत दिसतं, आणि न निघालेली रोकड मोजणीत जास्त भरते.

पुढची पायरी नोडल अधिकारी. त्यांचा ईमेल बँकेच्या संकेतस्थळावर असतो, अगदी तळाशी, कुणी बघू नये अशा अक्षरात. इथे बँक नवा नंबर देते आणि जुना 'क्लोज्ड' करते. घाबरायचं नाही. ३० दिवसांचं मीटर पहिल्या तक्रारीपासूनच चालू असतं. म्हणून नव्या पत्राच्या पहिल्या ओळीत जुना नंबर आणि तारीख टाकायची. तक्रार फेटाळायची असेल, तर मोठ्या बँकांना उत्तर देण्याआधी ती स्वतःच्या अंतर्गत लोकपालाकडे पाठवावी लागते. ते बँकेने करायचं. तिथे आपल्याला थेट जाता येत नाही.

तरी नाहीच जमलं, तर cms.rbi.org.in वर अर्ज. फी नाही, वकील लागत नाही. तिथे बँकेकडे तक्रार कधी केली आणि उत्तर आलं का, हे विचारतात, आणि तुमच्या त्या जांभळ्या शिक्क्याची प्रत जोडावी लागते.

पण खरी गंमत पैसे परत आल्यावर सुरू होते. नियम असा, की असे पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप जमा व्हायला हवेत; पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. म्हणजे ३ तारखेला पैसे अडकले आणि २८ ला जमा झाले, तर मुदत ८ ला संपली, उशीर २० दिवस, भरपाई २,००० रुपये. बँक मूळ रक्कम जमा करते, एसएमएसवर 'तक्रार निवारण झाले' म्हणते आणि वर सेवेला किती तारे देणार विचारते.

मी भरपाईचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "दहा हजार आले ना? मग आता तक्रार कसली?" मी तो एसएमएस जपून ठेवला. 'निवारण' अर्धवट आहे, हे दाखवायला बँकेनेच दिलेला पुरावा आहे तो. नोडल अधिकाऱ्याला त्याच जुन्या नंबरावर पत्र गेलंय, भरपाईच्या हिशेबासकट.